शटर पुन्हा पुन्हा उतरतंय? स्क्रू पिळण्याआधी कपाट आतून तपासा

तक्रार नेहमीची आहे. दोन शटरच्या कपाटाचं एक शटर खाली उतरतं, कोपरा शेजारच्या शटरला घासतो. कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बिजागरीचा स्क्रू थोडा फिरवतो, शटर सरळ होतं, सगळे खूश. काही आठवड्यांनी तेच शटर पुन्हा उतरलेलं असतं. बाहेरून कपाट अजून आरशासारखं चकचकीत असतं, म्हणून कुणाला कपाटावर संशयही येत नाही. सगळा दोष बिजागरीच्या माथी जातो.

बिजागरीवरचा तो स्क्रू शटर फक्त जागेवर आणतो, ते का उतरलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उतरण्याचं कारण बिजागरीची पकड सुटण्यात असतं किंवा कपाटाचा बॉक्सच गुण्यात, म्हणजे चारही कोपऱ्यांत काटकोनात, नसण्यात. या दोन कारणांची दुरुस्ती वेगळी आहे, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लावली तर काहीच टिकत नाही. म्हणून आधी कोणतं कारण आहे ते ओळखू. हीच तपासणी नवीन कपाट घेतानाही कामाला येते, पण ते शेवटी.

आधी दोन शटरमधली फट बघा

हत्यार हातात घेण्याआधी दोन्ही शटर बंद करा आणि दोन पावलं मागे जाऊन मधली उभी फट नीट बघा.

फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, शटर वरच्या कोपऱ्यात एकमेकांना भिडत असतील, तर बिजागरी सुटलेली आहे. शटरचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर खेचतं आणि खालच्या बिजागरीला आत दाबतं. त्यामुळे मोकळा कोपरा खाली येतो आणि वरची बाजू शेजारच्या शटरकडे सरकते. कधी एकच शटर असं वागतं, कधी दोन्ही, पण फट तिरकी होतेच.

फट वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखी आहे, तरीही मध्यावर एक शटर खाली आणि दुसरं वर दिसत असेल, तर बिजागऱ्या बहुधा निर्दोष आहेत. बॉक्स कलला आहे. दोन्ही शटर आपापल्या बाजूच्या फळीला इमानदारीने धरून आहेत आणि फळ्यांबरोबरच तीही कलली आहेत. अशा वेळी बिजागरी कितीही पिळा, पुढच्या कामाची तयारी तेवढी होते.

फट तिरकी असेल तर: नेमकं काय हलतंय

शटर काटकोनात उघडा. मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा दोन बोटांनी अलगद वर उचला, सोडा, पुन्हा उचला. नजर शटरवर ठेवू नका, वरच्या बिजागरीवर ठेवा. लपलेल्या बिजागरीचे म्हणजे ऑटो हिंजचे तीन भाग असतात. शटरमध्ये 35 मिमीच्या गोल भोकात बसलेला कप, कपाटाच्या बाजूच्या फळीवरची प्लेट आणि दोघांना जोडणारा हात. हालचाल यांपैकी कुठे होते ते स्पष्ट दिसतं.

हात आणि प्लेटमध्ये हलत असेल तर काम सोपं आहे. हातावरचा मागचा स्क्रू सैल झालेला असतो. तो घट्ट करा. मग शटर सरळ करायला पुढचा स्क्रू वापरा. वरच्या बिजागरीने शटर तिच्या बाजूच्या फळीकडे ओढायचं आणि खालच्या बिजागरीने फळीपासून दूर ढकलायचं. फक्त वरची ओढून भागवलं तर पूर्ण शटरच एका बाजूला सरकतं. साधारण 2 मिमी इकडे आणि 2 मिमी तिकडे एवढीच सोय या स्क्रूत असते. तो आधीच टोकाला पोहोचला असेल तर याआधी कुणीतरी हेच करून गेलेलं आहे आणि मूळ दुखणं तसंच राहिलेलं आहे.

बिजागरीच्या आतच, म्हणजे हाताच्या रिव्हेटींमध्ये, खुळखुळ जाणवत असेल तर ती बिजागरी झिजली. दुरुस्ती नाही, बदला. नवीन घेताना कपाची खोली आणि हाताचा बाक जुन्यासारखाच हवा. शटर फळीची कड पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं की आत बसतं यावर सरळ, अर्धबाक किंवा पूर्णबाक बिजागरी ठरते. सरळच्या जागी बाकदार बसवली तर शटर कधीच जागेवर येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा मात्र हालचाल दिसते ती प्लेट आणि फळीमध्ये. प्लेट फळीपासून केसभर सुटते आणि पुन्हा टेकते. म्हणजे फळीतले आटे गेले. स्क्रू पिळला की तो गोलगोल फिरत राहतो, घट्ट काही होत नाही. कप आणि शटर यांच्यात हलत असेल तर तेच, फक्त जागा वेगळी.

हे का होतं ते एका हिशेबाने लक्षात येईल. 720 मिमी उंच, 450 मिमी रुंद आणि 18 मिमी जाडीचं एमडीएफचं शटर सुमारे साडेचार किलो भरतं. बिजागऱ्या वरून आणि खालून 100 मिमीवर असतील तर दोघींत 520 मिमी अंतर राहतं, आणि वरच्या बिजागरीवर जेमतेम दोन किलोंची ओढ येते. एवढी ओढ साधा पार्टिकल बोर्डही वर्षानुवर्षं सहन करतो. पण कुणी वाकून खालचं काही काढताना उघड्या शटरच्या टोकावर हात टेकला आणि 30 किलो भार दिला, तर त्याच बिजागरीवर आणखी सुमारे 26 किलो येतात. हा भार प्लेटच्या दोन छोट्या स्क्रूंवर जातो. पकडलेला पदार्थ दाबलेला भुसा असेल तर प्रत्येक वेळी आट्याभोवतीचा भुसा थोडा थोडा मोकळा होत जातो. बिजागऱ्या एकमेकींच्या जवळ बसवल्या असतील तर ओढ त्याच प्रमाणात वाढते. अंतर अर्धं केलं की भार दुप्पट. म्हणून उंच शटरला 2 बिजागऱ्या बघितल्या की तिथेच थांबावं. साधारण 900 मिमीच्या पुढे 3 हव्यात, दोन मीटरच्या शटरला 4.

आटे गेलेली भोकं

काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू पिळणं हा घराघरातला उपाय आहे. पाहुणे येईपर्यंत टिकतो. पक्कं काम असं: बिजागरी काढा, खराब भोक 8 मिमीच्या ड्रिलने साफ करा, पण फळी आरपार जाऊ देऊ नका. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. भोकात लाकूडकामाचा पांढरा डिंक घालून 8 मिमीची लाकडी खुंटी ठोका आणि रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी खुंटी फळीच्या पातळीला कापून तिच्या मध्यावर 2.5 मिमीचं भोक पाडा आणि साडेतीन मिमीचा स्क्रू हाताने बसवा. मशीनने पिळला तर नवे आटेही पहिल्याच दिवशी जातील, विशेषतः मऊ बोर्डात.

भोकाजवळचा बोर्ड फुगला असेल, बोटाने दाबल्यावर भुसा निघत असेल, तर तिथे खुंटीही टिकणार नाही. बिजागरीची जागाच 50 ते 60 मिमी वर किंवा खाली हलवा, जिथे बोर्ड कोरडा आणि टणक आहे. शटरमध्ये नवा 35 मिमीचा कप पाडावा लागेल आणि जुनं भोक झाकणाने बंद करावं लागेल. दिसायला थोडं वाईट, पण टिकतं. पाण्याने फुगलेला पार्टिकल बोर्ड परत घट्ट होत नाही, त्यात डिंक ओतण्यात अर्थ नाही.

फट सारखी पण शटर वरखाली: बॉक्स मोजा

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. 900 मिमी रुंद, 720 मिमी उंच खालचं कपाट, दोन शटर, बाहेरून चकचकीत फिनिश. डावं शटर मध्यावर उजव्यापेक्षा सुमारे 6 मिमी खाली. बिजागऱ्या तीनदा पिळून झालेल्या. मधली फट मात्र वर आणि खाली सारखीच होती.

सामान बाहेर काढून आतून मापटेप लावला. आतलं माप 864 बाय 684 मिमी, म्हणजे गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण 1102 मिमी यायला हवेत. एक आला 1106, दुसरा 1098. कर्णांत 8 मिमी फरक असेल तर चौकटीची वरची बाजू सुमारे 5 मिमी आडवी सरकलेली असते. शटर बाजूच्या फळ्यांना धरून असल्यामुळे हा कल दोन शटरांच्या मध्यावर वाढून साडेसहा मिमीपर्यंत दिसतो. दिसणारे 6 मिमी नेमके तिथूनच आले होते. बिजागऱ्यांत काहीच बिघाड नव्हता.

आता बॉक्स का कलला? पाणसळ ठेवली तर तळ डावीकडे उतरता. डावा पुढचा पाय बोटाने फिरत होता, म्हणजे तो जमिनीला टेकलाच नव्हता. पाय फिरवून तो टेकवला आणि तळ पातळीत आणला, तर कर्णांतला फरक 8 वरून 5 वर आला. उरलेले 5 मिमी मागच्या फळीतून निघाले. 3 मिमीचा हार्डबोर्ड फक्त स्टेपलरच्या पिना मारून लावला होता आणि एका बाजूच्या बहुतेक पिना उपटलेल्या होत्या. बॉक्सला चौकोनात धरून ठेवण्याचं निम्म्याहून जास्त काम मागची फळी करते, हे बाहेरून बघणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मागची फळी सुटली की चार फळ्या कोपऱ्यांतल्या स्क्रूवर डुलत राहतात.

दुरुस्तीसाठी बॉक्स दाबून दोन्ही कर्ण 2 मिमीच्या आत समान आणायचे आणि तसंच धरून मागे 6 मिमीचा प्लाय बसवायचा. कपाट भिंतीपासून काढता येत असेल तर प्लाय मागून लावा आणि कडेने साधारण 150 मिमीवर एकेक स्क्रू मारा. काढता येत नसेल तर आतून मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवून त्यावर प्लाय मारता येतो. वर दगडी ओटा चिकटवलेला असेल तर मात्र बॉक्स दाबून सरळ होत नाही. जोर करू नका, दगडाला तडा जाईल. पायांनी जेवढं साधेल तेवढं साधून उरलेला फरक बिजागरीत घ्या. बॉक्स पक्का झाल्यावरच बिजागऱ्यांना हात लावायचा, त्याआधी केलेलं समायोजन वाया जातं.

त्याच वेळी कोपऱ्यांचे सांधेही बघून घ्या. आतल्या बाजूला गोल झाकणं दिसत असतील तर त्याखाली फिरवून घट्ट करण्याचे कॅम लॉक आहेत. हे सांधे फळ्या एकमेकींकडे छान ओढतात, पण फळी घसरू न देण्याचं काम शेजारच्या लाकडी खुंट्यांचं असतं. खुंट्या नसतील तर कॅम पुन्हा पुन्हा सैल होणार. लॅमिनेट लावलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा डिंक धरत नाही, त्यामुळे अशा जागी केवळ डिंकाच्या भरवशावर केलेला सांधा सांधा म्हणायच्या लायकीचा नाही. फळीच्या कडेत मारलेला स्क्रू चपट्या बाजूत मारलेल्या स्क्रूपेक्षा कमी धरतो, म्हणून कडेत जाड आणि लांब आट्यांचा स्क्रू लागतो. आपण साधारण असं समजतो की सांधा तुटला तर आवाज येईल. प्रत्यक्षात तो हळूच उघडतो. फळ्या जिथे मिळतात तिथे नखाची कड घालून बघा, आत जात असेल तर सांधा सुटत आहे.

ड्रॉवर हेच दुसऱ्या पद्धतीने सांगतो

शटर नसलेल्या कपाटात हीच तपासणी ड्रॉवरवर होते. बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला 12.7 मिमी जागा घेतं, दोन्ही मिळून सुमारे 25.4. आतलं माप 564 मिमी असेल तर ड्रॉवर बाहेरून 538 मिमीच्या आसपास हवा. हे माप पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी घ्या. मागे 2 मिमी अरुंद असेल तर ड्रॉवर शेवटच्या टप्प्यात जड होतो आणि मग थोडा उघडाच राहतो. मागे रुंद असेल तर चॅनेल ताणलं जाऊन खडखडतं. लोक चॅनेलला तेल घालत बसतात, पण मूळ कारण पुन्हा बॉक्समध्येच असतं.

ड्रॉवर काठोकाठ ओढून दोन्ही पुढचे कोपरे धरा आणि हलकेच वरखाली करा. थोडी लवचीकता असते, ते ठीक. टकटक आवाज येत असेल तर चॅनेलच्या स्क्रूंकडे बघा. चॅनेलला काही लंबगोल भोकं असतात आणि काही गोल. लंबगोल भोकं जागा जुळवून घेण्यासाठी असतात, ती जुळल्यावर गोल भोकात स्क्रू मारून चॅनेल पक्कं करायचं असतं. घाईत बसवणारे लंबगोल भोकातच थांबतात, आणि भरलेल्या ड्रॉवरने चॅनेल तेवढंच घसरतं. या एका चुकीमुळे चांगल्या चॅनेलचं नाव खराब होतं. गोल भोकात स्क्रू मारला की बहुतेक वेळा खडखड थांबते.

पुढची पट्टी हलत असेल आणि ड्रॉवरचा बॉक्स स्थिर असेल तर चॅनेल निर्दोष आहे, पट्टीचे आतले स्क्रू घट्ट करा. ड्रॉवरचा तळही उलटा करून बघा. तळ चारही बाजूंना खाचेत सरकवलेला असेल तर उत्तम. खालून नुसत्या खिळ्यांनी किंवा पिनांनी मारला असेल तर भांड्यांच्या वजनाने तो उतरणारच, आणि खालच्या ड्रॉवरवर घासू लागेल. तो परत पिना मारून चढवू नका. आतून कडेने बारीक पट्ट्या लावा आणि त्यावर तळ ठेवा.

नवीन कपाट बघताना हाच क्रम

वरचं फिनिश शेवटी बघा. आधी शटर उघडून कोपरा उचला. प्लेटच्या प्रत्येक भोकात स्क्रू आहे का, बिजागऱ्यांची संख्या शटरच्या उंचीला साजेशी आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. शक्य असेल तर एक बिजागरी प्लेटवरून काढायला सांगा. भोकाच्या कडेला भुसा निघालेला दिसला तर दुकानात असतानाच आटे जायला लागले आहेत. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, एकाच कोपऱ्याला धरून बंद करा. तिरका होऊन अडकला तर चॅनेल हलकं आहे किंवा बॉक्स गुण्यात नाही, टेप लावून कर्ण मोजा. मग कपाटाच्या मागे जाऊन मागची फळी किती जाड आहे आणि खाचेत बसवली आहे की नुसती पिनांनी मारली आहे ते बघा. विक्रेते पाठ भिंतीला टेकवून का ठेवतात, त्याचं उत्तर कधी कधी तिथेच मिळतं. वरच्या आणि खालच्या आडव्या कडांवर बोट फिरवा. फळीची कापलेली कड उघडी सोडली असेल, एज बँड लावला नसेल, तर पाणी त्याच वाटेने आत जाईल आणि वर सांगितलेल्या फुगलेल्या भोकांचं काम तुम्हाला करावं लागेल.

बसवून झाल्यावर, सामान भरण्याआधी, दोन्ही कर्ण आणि तळाची पातळी मोजून कपाटाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर शटर उतरलं तर ते आकडे समोर असतात आणि बॉक्स हलला की बिजागरी सुटली हे पाच मिनिटांत ठरतं.